गाळ्याच्या भाड्यात तात्पुरती सवलत मिळण्याबाबत

२४ ऑगस्ट

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

परवा फोनवर विषय अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या गाळ्यात स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान चालवतोय त्याला सात वर्षं झाली. भाडं आजवर दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत दिलं. मार्चमध्ये रस्ता खणला त्यानंतरचे सहा महिनेही पूर्ण दिलं, पण शेवटची दोन भाडी साठवलेल्या पैशांतून गेली आहेत.

दुकानासमोर कमरेएवढा चर आहे आणि त्यावर एक फळी. माझं निम्मं गिऱ्हाईक जाता जाता दुचाकी थांबवून आत येणारं होतं. आता गाडी उभी करायलाच जागा नाही. वयस्कर माणसं फळी बघूनच परत फिरतात. गेल्या वर्षी याच महिन्यांत दिवसाला सरासरी ११० बिलं होत होती, यंदा ४० च्या आसपास होतात. शाळा सुरू होण्याचा हंगाम, ज्यावर वर्षाचा हिशेब बसतो, तो तर हातातून गेलाच. दोन्ही वर्षांच्या विक्रीच्या वह्या दाखवायला आणतो. दुकानातल्या मुलाचा पगार, वीजबिल, मशीनचा हप्ता, यातलं काहीच कमी झालेलं नाही.

काम संपण्याची तारीख फलकावर जूनअखेर लिहिली होती. आता तो फलकही चिखलाने माखलाय. मुकादम डिसेंबर म्हणतो.

माझी विनंती अशी. सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने मी ६० टक्के भाडं द्यावं. राहिलेल्या ४० पैकी २० टक्के आपण माफ करावेत आणि २० टक्के बाकी ठेवावेत. ही बाकी चार महिन्यांत एका भाड्याच्या ८० टक्के होईल. ती जानेवारीपासून नेहमीच्या पूर्ण भाड्यासोबत दरमहा १० टक्के देऊन आठ महिन्यांत फेडेन. रस्ता आधी खुला झाला, तर पुढच्याच महिन्यापासून पूर्ण भाडं. मागच्या सहा महिन्यांचं काहीही परत मागत नाही, अनामतीलाही हात लावायचा नाही.

रस्ता खणला यात आपला काही दोष नाही आणि आपलं घरखर्चाचं गणितही या भाड्यावर आहे, हे मला माहीत आहे. म्हणून माझ्याकडून एक देतो: पुढच्या वर्षी करार संपतो, तो आणखी दोन वर्षं वाढवायला आणि तेवढा काळ गाळा न सोडण्याचं लिहून द्यायला मी तयार आहे. रस्त्याची ही अवस्था असताना नवा भाडेकरू मिळणं अवघडच.

पटलं तर मूळ करार तसाच ठेवून एका कागदावर एवढंच लिहून दोघांनी सह्या करू. आकडे थोडे इकडेतिकडे करायचे असतील तर सांगा. येत्या रविवारी सकाळी वह्या घेऊन घरी येतो. म्हणजे ५ सप्टेंबरला किती भाडं द्यायचं ते त्याआधी ठरेल.

काकूंना नमस्कार.

आपला नम्र,
तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या गाळ्याचा भाडेकरू