गच्चीवरून फेकलेला बॉल: वर्गसमीकरणाचं गणित

गणित: 10 मीटर उंच गच्चीच्या कडेवरून बॉल सरळ वर 5 मी/से वेगाने फेकला, तर खाली जमिनीवर किती सेकंदांनी पडेल? (g = 10 घ्या)

t सेकंदांनंतरची जमिनीपासूनची उंची:

h = 10 + 5t − 5t²

ते −5t² गुरुत्वाकर्षणामुळे, ½ × 10 = 5 आणि ओढ खाली म्हणून मायनस. जमिनीवर h = 0, मग सगळ्याला −5 ने भागून टाका, आकडे एकदम सोपे होतात:

t² − t − 2 = 0

आता गुणाकार −2 आणि बेरीज −1 येईल असे दोन आकडे शोधा, −2 आणि +1:

(t − 2)(t + 1) = 0

t = 2 किंवा t = −1

−1 म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पडला, असं कसं होईल, म्हणून ते सोडून द्या, पण का सोडलं ते पेपरात लिहा हां, बरेच जण नेमकं तेच विसरतात.

ताळा: 10 + 10 − 20 = 0

उत्तर: 2 सेकंद