हरिपूरची पेवं: गोषवाऱ्यावरून १५ मिनिटांच्या भाषणाचा आराखडा

मंजूर गोषवारा: "सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जाई. पेव बंद झाल्यावर आतला ऑक्सिजन घटून कीड मरते. ही पद्धत, २००५च्या महापुराने तिची झालेली हानी आणि आजची उपयुक्तता आम्ही मांडतो."

वेळ: १२ मिनिटं बोलणं, ३ मिनिटं प्रश्न. एकूण ११ स्लाइड.

शीर्षक (१ स्लाइड, अर्धा मिनिट). नाव, विभाग, पेवाच्या तोंडाचा फोटो. आभार शेवटी.

गाव आणि माती (२ स्लाइड, २ मिनिटं). पहिलीवर नकाशा: कृष्णा-वारणेचा संगम, सांगली, हरिपूर. दुसरीवर खड्डा खणला तरी न ढासळणारी घट्ट माती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे एका वाक्यात. बाजारपेठेचा इतिहास तुला आवडतो, मलाही. पण इथे तो नको, गोषवाऱ्यात त्याचं वचन दिलेलं नाही.

पेवाची रचना (२ स्लाइड, २ मिनिटं). उभा छेद तू हातानेच काढ: अरुंद तोंड, खाली मोठं पोट, आतून सारवण आणि पाल्याचा थर. दुसऱ्या स्लाइडवर भरणं, झाकणं, मातीने लिंपणं.

आतली हवा (४ स्लाइड, साडेचार मिनिटं). भाषणाचा गाभा हाच, घाई करू नकोस. पहिल्या मसुद्यात तू "हळदीच्या श्वसनामुळे" लिहिलं होतंस. हळद शिजवून वाळवलेली असते, ती श्वास घेत नाही. ऑक्सिजन खातात ते किडे, बुरशी आणि भोवतालच्या मातीतले सूक्ष्मजीव. त्यांच्याच श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यांचाच जीव जातो. ही साखळी एका स्लाइडवर बाणांनी दाखव. दुसरीवर दमटपणा: हळद नीट वाळली नसेल तर बंद पेवातही बुरशी धरते. तिसरीवर पेव उघडणं: तोंड उघडून वारं खेळू देतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. चौथीवर या कसोटीची मर्यादा. ज्योत ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की विझते. पण माणसाला घातक ठरेल इतका कार्बन डायऑक्साइड असतानाही ती जळत राहू शकते. पेवात उतरणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे, म्हणून हे वाक्य स्पष्ट आणि सावकाश म्हण.

२००५चा महापूर (१ स्लाइड, दीड मिनिट). पुराचं पाणी पेवांत शिरलं, हळद भिजून गेली. मातीचं भांडं हवा अडवतं, पण नदी अंगावर आली की त्याचा इलाज नाही. नुकसानीचे आकडे आपल्याकडे खात्रीचे नाहीत, तेव्हा स्लाइडवर एकही नको.

आज (१ स्लाइड, दीड मिनिट). हवाबंद पिशव्या त्याच तत्त्वावर चालतात आणि पूररेषेच्या वर कुठेही ठेवता येतात. त्यासमोर शीतगृह: त्याला वीज लागते. दोन्ही शेजारी मांड. खाली आभार.

वेळ कमी पडली तर दमटपणाची स्लाइड गाळ. कंदिलाच्या दोन्ही तशाच राहू देत.