मामांचे बूट, मामींचं जॅकेट: ओंकारच्या फोटोंतली मापं मराठीत

मामा, नमस्कार. ओंकारने नागोयाहून पाठवलेले तिन्ही फोटो वाचून खाली मराठीत उतरवलेत. पानाच्या तळाशी लिहिलंय, "माल मिळाल्यापासून ८ दिवसांत बदलून मिळेल, वापरलेला किंवा टॅग काढलेला माल परत घेतला जाणार नाही." ओंकार दिवाळीला येणार, म्हणजे बदलायची सोय आपल्याला नाहीच. म्हणून जरा सविस्तर लिहिलंय.

फोटो १: पुरुषांचे चालायचे बूट

पानावरचा मजकूर: "साईज म्हणजे पायाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. घेर म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून टेप फिरवून घेतलेलं माप, मिलिमीटरमध्ये."

| साईज | घेर 2E | घेर 3E | आपल्याकडचा नंबर, अंदाजे |
|---|---|---|---|
| 25.5 | २५२ | २५८ | ६½ |
| 26.0 | २५५ | २६१ | ७ |
| 26.5 | २५८ | २६४ | ७½ |
| 27.0 | २६१ | २६७ | ८ |

शेवटचा रकाना मी जोडलाय, पानावर तो नाही. कंपनीगणिक त्यात अर्ध्या नंबराचा फरक पडतो, तेव्हा भरवसा सेंटिमीटरवरच ठेवायचा. 4E चा रकाना फोटोत अर्धा कापला गेलाय, पण तुम्हाला तो लागत नाही.

तुम्ही पाठवलेलं माप: डावा पाय २६ सेंटिमीटर, उजवा २५.७, घेर २६१ मिलिमीटर. दोन्हींतला मोठा पाय धरायचा, म्हणजे 26.0, आणि त्या ओळीत २६१ घेर 3E खाली येतो.

आता तुम्ही म्हणाल, मी तर वर्षानुवर्षं आठ नंबर घालतो, सात कसा होईल? 27.0 ची ओळ बघा की. तिथे 2E चा घेर बरोबर २६१ आहे. पाय रुंद म्हणून दुकानदार तुम्हाला लांबीला मोठा बूट देत आलाय. रुंदी बसते, पण पुढे एक सेंटिमीटर जादा राहतो आणि टाच मागे वर-खाली होते. खानापूरच्या पावसात चालताना तुमचा बूट चिखलात अडकून निघतो, तो उगाच नाही. इथे लांबी आणि रुंदी वेगवेगळी निवडता येते, तर ती संधी सोडू नका. सातचा आकडा बघून घाबरून ओंकारला 27.0 सांगू नका.

एकच विनंती. माप सकाळी घेतलं असेल तर आज संध्याकाळी मोजे घालून, उभं राहून परत घ्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो. लांबी २६.२ च्या पुढे गेली तर 26.5 घेऊ, रुंदी 3E च.

फोटो २: बायकांचं पावसाळी जॅकेट

इथे दोन तक्ते एकाखाली एक आहेत आणि फसायला होतं ते इथेच. वरचा अंगाच्या मापाचा, खालचा शिवून तयार झालेल्या कपड्याचा.

वरचा, छातीचा घेर (इंच मी काढलेत, टेलरच्या टेपशी जुळावेत म्हणून):
M: ७९–८७ सेंटिमीटर, ३१ ते ३४ इंच
L: ८६–९४, ३४ ते ३७ इंच
LL: ९३–१०१, ३६½ ते ४० इंच

खालचा, "सपाट पसरून मोजलेलं, १ ते २ सेंटिमीटर फरक पडू शकतो":
M: रुंदी ५२, उंची ६२, बाही ७६
L: रुंदी ५५, उंची ६४, बाही ७८
LL: रुंदी ५८, उंची ६६, बाही ८०

रुंदी एका बाजूची, म्हणजे एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत. घेरासाठी ती दुप्पट करायची: LL चा घेर ११६ सेंटिमीटर, जवळजवळ ४६ इंच. बाहीचा ८० चा आकडा बघून मामी हसतील, पण ही बाही खांद्यापासून मोजत नाहीत, मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंत मोजतात. मामींचा खांदा १५ इंच, त्याचा निम्मा ७½, त्यात टेलरने दिलेली २१ इंच बाही मिळवली की २८½ इंच होतात, म्हणजे ७२ सेंटिमीटर. LL ची बाही आठेक सेंटिमीटर लांब पडेल. मनगटाला इलॅस्टिक आहे, वर सरकवून बसेल.

मामींची छाती ३७½ इंच, म्हणजे ९५ सेंटिमीटर. L ९४ ला संपतं. LL च घ्यायचं. आत स्वेटर घातला तरी जागा उरते.

फोटो ३: चिन्मयचा टी-शर्ट

लहान मुलांचे तिकडचे आकडे उंचीचे असतात, वयाचे नाहीत. 120 म्हणजे ११५ ते १२५ सेंटिमीटर उंचीचं मूल. पोरगं आत्ता ११७ आहे आणि वाढतंय झपाझप, तेव्हा 130 घ्या. एक वर्ष जादा चालेल.

ओंकारला पाठवायचा मेसेज, तसाच पुढे ढकला:

"बूट 26.0, रुंदी 3E, काळा. जॅकेट LL, निळा. टी-शर्ट 130. बुटांची लांबी संध्याकाळी परत मोजून सांगतो, तोवर बुटांची ऑर्डर थांबव, बाकीचं घेऊन टाक."