रविवार 13 जुलै 2025 रोजी बिलिंग व आरक्षण सेवा बंद पडली, त्याचे कारण आणि केलेली दुरुस्ती

सर्व व्यावसायिक ग्राहकांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी 10:52 ते दुपारी 12:08, म्हणजे 76 मिनिटे आमची बिलिंग व आरक्षण सेवा पूर्ण बंद होती. हॉटेलांत चेक-आउटची गर्दी नेमकी याच वेळी असते. चूक आमची आहे आणि त्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो.

आधी आपल्या नोंदींविषयी. 10:52 पूर्वी सेव्ह झालेले एकही बिल किंवा आरक्षण गेलेले नाही. मात्र 14 व्यवहारांत पाहुण्याच्या खात्यातून पैसे वळते झाले, पण बिलावर जमा दिसली नाही. ते सगळे पेमेंट गेटवेच्या अहवालाशी ताडून लावले आहेत. त्यांपैकी 3 पाहुण्यांनी दोनदा पैसे भरले होते. त्यांचा परतावा मंगळवारी पाठवला आहे. संबंधित ग्राहकांना स्वतंत्र फोन झाला आहे.

मूळ कारण

मुख्य डेटाबेस (पोस्टग्रेस) पणजीत पाटोला आहे आणि त्याची चालू प्रत वेर्णाला. प्रत्येक बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहिला जातो आणि ती फाइल वेर्णाला जाते. वेर्णाने ती घेतली असे कळेपर्यंत पाटोचा सर्व्हर ती पुसत नाही. शुक्रवारी रात्री 9:40 ला खोदकामात फायबर तुटली. तेव्हापासून लॉग तासाला साधारण 5 जीबी वेगाने साचत गेला आणि 37 तासांत 200 जीबीची लॉग डिस्क भरली. लिहायला जागा न उरल्याने डेटाबेस स्वतःहून थांबला:

```
PANIC: could not write to file "pg_wal/xlogtemp.4417": No space left on device
```

फायबर पावसाळ्यात तुटतेच, त्यामुळे तिला आम्ही मूळ कारण मानत नाही. लॉग किती साठू द्यायचा याला आम्ही मर्यादाच घातली नव्हती. शिवाय एप्रिलमध्ये लॉगसाठी वेगळी डिस्क जोडली, पण ती देखरेखीच्या यादीत चढवायची राहिली. लिंक तुटल्याचा इशारा आला होता, पण तो सामायिक ईमेलवर, आणि शनिवार-रविवार तो कोणी उघडत नाही.

घटनाक्रम

10:54 ला बाहेरच्या तपासणीतून अलार्म वाजला. ड्युटीवरील अभियंत्याला दोष ॲप्लिकेशन सर्व्हरचा वाटला आणि तो दोनदा रीस्टार्ट केला. यात 25 मिनिटे गेली. डेटाबेसचा लॉग 11:20 ला पाहिला. अशा वेळी `pg_wal` या लॉगच्या फोल्डरमधल्या फाइली हाताने पुसण्याचा मोह होतो, पण त्यांतली एखादी गरजेची निघाली तर डेटाबेस परत उभाच राहत नाही. वेर्णाच्या प्रतीवर जाणेही शक्य नव्हते: ती 37 तास मागे होती, आपली दीड दिवसाची बिले गेली असती. म्हणून 11:34 ला डिस्क 100 जीबीने वाढवली. 11:49 ला डेटाबेस सुरू झाला. मग वेर्णासाठी लॉग राखून ठेवणारी अडकलेली नोंद काढली:

```
SELECT pg_drop_replication_slot('verna_standby');
```

12:05 ला जागा मोकळी झाली आणि 12:08 ला सेवा सर्वांना खुली केली. फायबर संध्याकाळी जोडली गेली. वेर्णाची प्रत नव्याने तयार करून सोमवारी सकाळी 7:10 ला चालू केली.

पुढची काळजी

मर्यादा त्याच दिवशी घातली:

```
ALTER SYSTEM SET max_slot_wal_keep_size = '80GB';
SELECT pg_reload_conf();
```

80 जीबी म्हणजे आजच्या वेगाने सुमारे 16 तासांची उसंत. त्याहून जास्त वेळ लिंक बंद राहिली तर वेर्णाची प्रत पुन्हा करावी लागेल, पण आपले काउंटर चालू राहतील. हा सौदा आम्हाला योग्य वाटतो. लॉग डिस्क आता देखरेखीत आहे: 70 टक्क्यांवर संदेश, 85 टक्क्यांवर ड्युटीवरच्या माणसाला फोन. लिंक 10 मिनिटे तुटली तरी फोन जातो आणि तो उचलला नाही तर पुढच्या माणसाला लागतो. नवी डिस्क किंवा सर्व्हर जोडताना देखरेखीची नोंद दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरले जाणार नाही. दुसऱ्या मार्गाने जाणारी दुसरी लिंक चवथीपूर्वी, म्हणजे 27 ऑगस्टच्या आत सुरू होईल.

करारात महिन्याला 99.9 टक्के सेवा ठरली आहे. जुलैसाठी त्यात 44 मिनिटांची सूट बसते, ती ओलांडली गेली. जुलैच्या शुल्काचे 10 टक्के ऑगस्टच्या बिलातून आपोआप वजा होतील, अर्ज नको.

रविवारी हाताने फाडलेली बिले भरताना नवा क्रमांक घेऊ नका. 'सेटिंग्ज'मध्ये वेगळी मालिका उघडून छापील पुस्तकातलाच क्रमांक आणि 13 जुलै हीच तारीख टाका. एकाच विक्रीचे दोन क्रमांक झाले तर जीएसटी विवरणात ती दोनदा दिसेल. पुस्तकाचे फोटो पाठवलेत तर 25 जुलैपर्यंत नोंदी आम्ही करून देऊ.

आपले,
तांत्रिक सेवा विभाग
पाटो, पणजी
16 जुलै 2025