‘गोदारंग’ महोत्सवासाठी प्रायोजकत्वाचे आवाहन

गोदातीर कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय
सांस्कृतिक मंडळ, गंगापूर रोड, नाशिक

दि. १६ नोव्हेंबर २०२६

प्रति,
गंगापूर रोड, कॉलेज रोड व सातपूर परिसरातील व्यापारी, उद्योजक आणि व्यावसायिक

विषय : २९ ते ३१ जानेवारी २०२७ या काळातील आंतरमहाविद्यालयीन सांस्कृतिक महोत्सवासाठी प्रायोजकत्व मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

दिवाळीची गर्दी ओसरून दुकानात आता थोडी उसंत मिळाली असेल, या अंदाजाने हे पत्र आज पाठवत आहोत. येत्या जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवार, शनिवार आणि रविवारी आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर ‘गोदारंग’ महोत्सव होणार आहे. एकांकिका, समूहनृत्य, लोककला, सुगमगायन आणि काव्यवाचन अशा पाच स्पर्धा त्यात आहेत. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून पंचवीस महाविद्यालयांचे संघ अपेक्षित आहेत.

यंदा आपल्याकडे येण्याचे खरे कारण लोककला स्पर्धा आहे. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर ज्या गावात राहून लिहीत होते, त्या गावात एकांकिकेला प्रेक्षक मिळतो. तालमीला जागा मिळते, मार्गदर्शन करणारी जुनी रंगकर्मी मंडळीही भेटतात. पण सुरगाणा, पेठ, कळवण इकडच्या मुलांचा पावरी नाच किंवा बोहाड्यातली सोंगं शहरातल्या रंगमंचावर फार क्वचित दिसतात. कला त्यांच्या घरातच आहे, अडते ते प्रवासाशी. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर. पंधरा मुले, वाद्ये, मुखवटे आणि पोशाखांचे सामान घेऊन यायचे म्हणजे गाडी करावीच लागते, आणि रात्री उशिरा सादरीकरण संपले तर मुक्कामही. म्हणून यंदा ग्रामीण संघांकडून प्रवेश शुल्क घ्यायचे नाही, त्यांचा प्रवास, जेवण आणि मुक्काम महोत्सवाने करायचा, असे मंडळाने ठरवले आहे. आपल्या मदतीचा मोठा वाटा तिकडे जाणार आहे.

एकूण खर्च ४,२०,००० रुपये धरला आहे. मंडप, ध्वनी आणि प्रकाशयोजनेला १,४०,०००, बाहेरगावच्या संघांचा प्रवास, जेवण व मुक्काम १,१०,०००, बक्षिसे ८०,०००, परीक्षकांचे मानधन ४०,००० आणि छपाई, स्वच्छता, प्रथमोपचार वगैरे किरकोळ खर्च ५०,०००. महाविद्यालय स्वतःकडून १,२०,००० रुपये देत आहे. उरलेले तीन लाख प्रायोजकांकडून उभे करायचे आहेत.

प्रेक्षक किती येतील, हे कुणीही आधी विचारेल. शुक्रवारी सुमारे १,२००, शनिवारी १,५०० आणि रविवारी अंतिम फेरी व बक्षीस समारंभाला २,५०० असा आमचा अंदाज आहे. तिन्ही दिवसांची बेरीज ५,२०० होते, पण तीच मुले दोन-तीन दिवस येतात, त्यामुळे वेगवेगळी माणसे साधारण साडेतीन हजार धरावीत. जाहिरातीचा हिशोब करताना आपणही हाच लहान आकडा धरावा. यातले बहुतेक प्रेक्षक अठरा ते बावीस वयाचे विद्यार्थी. रविवारी मात्र चित्र बदलते : आनंदवली, सावरकरनगर, पंडित कॉलनी, सातपूर इथून पालक आणि धाकटी भावंडे येतात. कपडे, दागिने, वाहन, क्लास किंवा खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल, तर रविवारचा स्टॉल सर्वांत उपयोगी पडेल. प्रवेश पासवरच असतो आणि फाटकावर पासाचा तुकडा फाडून घेतला जातो, म्हणून प्रत्यक्ष संख्या महोत्सवानंतर आपल्याला मोजून सांगता येईल.

मुख्य प्रायोजक एकच असेल, त्याची रक्कम १,००,००० रुपये. महोत्सवाच्या नावाआधी आपले नाव ‘प्रस्तुत’ म्हणून येईल : रंगमंचामागच्या पडद्यावर, प्रवेशद्वाराच्या कमानीवर, पासवर आणि प्रमाणपत्रांवर. तिन्ही दिवस दहा बाय दहा फुटांचा स्टॉल फाटकाजवळच्या पहिल्या जागी मिळेल आणि रविवारी एकांकिकेचा पहिला करंडक आपल्या हस्ते दिला जाईल. सहप्रायोजक दोन, प्रत्येकी ५०,००० रुपये. त्यांचे नाव पडद्यावर आणि पासवर असेल, स्टॉल तिन्ही दिवस मिळेल आणि रोज चार वेळा मंचावरून घोषणा होईल.

स्पर्धा प्रायोजकत्व मात्र आम्हाला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते. २०,००० रुपयांत एक स्पर्धा आपल्या नावाने होते, तिचे बक्षीस आपण स्वतः मंचावर येऊन देता आणि त्या स्पर्धेच्या वेळी मंचाच्या दोन्ही बाजूंना आपला फलक असतो. लहान दुकानदारालाही परवडावे म्हणून ही रक्कम मुद्दाम कमी ठेवली आहे. पाचच स्पर्धा आहेत, जो आधी कळवेल त्याला निवड पहिली. रोख रकमेऐवजी संघांचे जेवण, छपाई, गाडी किंवा ध्वनिव्यवस्था देणार असाल, तर बाजारभावाने तिची किंमत धरून त्याच गटातले सर्व लाभ देऊ.

काही गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. एका व्यवसायातला एकच प्रायोजक घेऊ, म्हणजे समोरासमोरच्या दोन दुकानांचे फलक शेजारी लागणार नाहीत. तंबाखू, मद्य आणि पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची जाहिरात घेणार नाही. विद्यार्थ्यांच्या नावांची किंवा मोबाइल क्रमांकांची यादी कुठल्याही रकमेला देणार नाही. स्टॉलवर कुणी स्वतःहून क्रमांक दिला, तर तो त्याचा प्रश्न. सर्व फलक आवारातच लागतील, रस्त्यावर किंवा विजेच्या खांबांवर लावणार नाही.

पैसे फक्त महाविद्यालयाच्या खात्यात, धनादेशाने किंवा बँक हस्तांतराने घेतले जातात आणि त्याच दिवशी कार्यालयाची पावती मिळते. कोणाही विद्यार्थ्याच्या हातात रोख देऊ नये, अगदी आमच्यापैकी कुणी मागितले तरी. महोत्सव संपल्यावर पंधरा दिवसांत छायाचित्रे, प्रेक्षकसंख्या आणि जमाखर्चाची एक प्रत आपल्या दुकानात आणून देऊ.

छपाई डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते, म्हणून आपला होकार शुक्रवार, १८ डिसेंबर २०२६ पर्यंत कळावा. त्यानंतर स्टॉल देता येईल, पण पास आणि प्रमाणपत्रांवर नाव घालता येणार नाही.

संपर्कासाठी : हे पत्र आपल्याला ज्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावरून आले, तो महोत्सव कार्यालयाचाच क्रमांक आहे. त्यावर ‘प्रायोजक’ हा शब्द, आपल्या व्यवसायाचे नाव आणि भेटीची सोयीची वेळ पाठवा. दोन दिवसांत प्रायोजकत्व समन्वयक सायली किंवा ओंकार महाविद्यालयाचे ओळखपत्र घेऊन आपल्याकडे येतील. छापील पत्र मिळाले असेल, तर सोबतची चिठ्ठी भरून पत्र देणाऱ्या विद्यार्थ्याकडे द्या. पत्र दुसऱ्या कुणाकडून फिरत आले असेल, तर थेट कार्यालयात या : मुख्य इमारत, तळमजला, ग्रंथालयाशेजारची खोली, सोमवार ते शनिवार, सकाळी ११ ते दुपारी ४. रकमेबद्दल किंवा अटींबद्दल शंका असेल, तर सांस्कृतिक मंडळाचे प्रमुख प्राध्यापक त्याच खोलीत दुपारी २ नंतर भेटतात.

प्रायोजक व्हायचे नसले तरी रविवारी सायंकाळी पाच वाजता लोककलांच्या अंतिम फेरीला घरच्यांसह जरूर या. पास कार्यालयात मोफत मिळतील.

आपले विश्वासू,
विद्यार्थी सचिव व प्रमुख प्राध्यापक
सांस्कृतिक मंडळ