इ. ८ वी व ९ वीसाठी साप्ताहिक ‘गणित कट्टा’ सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत

सांगली
दि. २३ जून २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग

विषय : दर शनिवारी शाळा सुटल्यावर गणिती प्रश्न सोडवण्याचे मंडळ चालवण्याचा प्रस्ताव

महोदया,

आठवी-नववीच्या गणिताबाबत एक अडचण आणि तिच्यावरचा एक कमी खर्चाचा उपाय आपल्यापुढे ठेवत आहे.

आपली मुले सरावसंच सोडवतात, पण संकीर्ण प्रश्नसंग्रहात अडतात. सरावसंच कोणत्या प्रकरणाखाली आहे, यावरूनच रीत कळते. अवयव पाडायचे की सूत्र वापरायचे, हे मुलाला ठरवावेच लागत नाही. संकीर्णमध्ये हा आधार सुटतो आणि वर्गात पहिला प्रश्न येतो, ‘सर, सूत्र कुठलं?’ दहावीच्या बोर्डाच्या पेपरात हेच दिसते. बीजगणित आणि भूमिती, दोन्ही भागांत शेवटचा तीन गुणांचा प्रश्न पुस्तकाबाहेरचा असतो. पहिली ओळ कुठून लिहायची हे न सुचल्यामुळे तो बहुतेक वेळा कोरा राहतो. पस्तीस मिनिटांच्या तासात, साठ मुलांच्या वर्गात आणि पोर्शनचे घड्याळ चालू असताना ही सवय लावणे शक्य नाही. त्यासाठी वेगळा वेळ हवा.

वेळ आणि जागा

शनिवारी शाळा १०.५० ला सुटते. मुलांना डबा खायला वीस मिनिटे देऊन ११.१० ते १२.२० असे सत्तर मिनिटांचे सत्र घ्यावे, असे सुचवतो. खेड्यांवरून येणाऱ्या मुलांची एसटी पाऊणची आहे, ती त्यांना सहज मिळेल. बुधवारी शेवटच्या दोन तासांचाही विचार केला होता, पण ते तास खेळ आणि कार्यानुभवाचे आहेत. ते काढून घेतले तर मुले पहिल्या दिवसापासून गणितावर रागावतील, आणि त्यांचा राग रास्तच असेल.

खोली क्र. ७ मिळावी. तिथे दोन भिंतींवर फळे आहेत आणि बाके सुटी असल्याने चौघांचे गट समोरासमोर बसवता येतात. ५ जुलैला आषाढीची शाळेची दिंडी असल्याने पहिले सत्र १२ जुलैला घ्यावे. गणेशोत्सव, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी वगळून जानेवारीअखेर साधारण वीस सत्रे होतील. फेब्रुवारीत शाळा दहावीच्या तयारीत असते, म्हणून तेव्हा मंडळ बंद ठेवावे.

मुले कोणती आणि किती

आठवीची बारा आणि नववीची बारा, अशी एकूण चोवीस. सहा गट झाले की एका शिक्षकाला प्रत्येक गटाजवळ दोन-तीनदा थांबता येते. आठवा गट झाला की शिक्षक फळ्याशी उभा राहून शिकवायला लागतो आणि मंडळाचा जादा तास होतो.

निवड गुणांवर करू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. नावे स्वेच्छेने द्यावीत, जास्त आली तर चिठ्ठ्या टाकाव्यात. पहिल्या दहांनाच घेतले तर दोन तोटे होतात. बाकीची मुले ‘ते हुशारांचं आहे’ म्हणून कायमची बाजूला होतात. आणि नव्वदच्या पुढे गुण असलेली काही मुले रीत पाठ असल्यामुळेच तिथवर पोचलेली असतात. अनोळखी प्रश्नापुढे तीही इतरांइतकीच थबकतात. गटात दोन्ही इयत्तांची मुले मिसळावीत, मुली आणि मुलगेही.

सत्र कसे चालेल

पहिली पाच मिनिटे मागच्या आठवड्याचा राहिलेला धागा. नंतर प्रश्न फळ्यावर लिहून दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने, न बोलता विचार करायचा. ही दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची. ती वगळली तर गटातले सर्वांत चटपटीत मूल बोलू लागते आणि उरलेले तिघे लिहून घेतात. पुढची पंचवीस मिनिटे गटात काम. गटाला पेन एकच, आणि ते दर पाच मिनिटांनी पुढच्याकडे द्यायचे. मग वीस मिनिटे दोन-तीन गट फळ्यावर येऊन मांडणी करतील. गटातून कोण येणार हे फाशावर ठरेल, म्हणजे चौघांनाही आपापली मांडणी समजलेली असावी लागते. शेवटची दहा मिनिटे ‘प्रश्न बदला’ : अट बदलली, अंक वाढवले, तर काय होईल?

पहिल्या सत्राचा प्रश्न नमुन्यादाखल सविस्तर देतो.

कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. उदाहरणार्थ ५२१ : ५२१ − १२५ = ३९६, ९६३ − ३६९ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५. यापुढे ४९५ च येत राहते. दुसऱ्या गटाने ७३२ घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ४९५ मिळते. सहाही गट एकाच संख्येवर आले की ‘असं का?’ हे शिक्षकाला विचारावे लागत नाही.

एखाद्या गटाची गाडी इथे हमखास घसरते. त्यांनी १०० किंवा ४३३ घेतले तर वजाबाकी ९९ येते. ती दोन अंकी धरून ९९ − ९९ = ० करतात आणि ‘आमचं वेगळं आलं’ म्हणतात. इथे ‘चुकलं’ म्हणू नये. आपण तीन अंकी संख्यांवर काम करत आहोत, तर ९९ तीन अंकांत कशी लिहाल, एवढेच विचारावे. ०९९ लिहिले की साखळी सुरू होते : ९९० − ०९९ = ८९१, मग ७९२, ६९३, ५९४, ४९५. सर्वांत लांब वाट हीच, सहा पायऱ्यांची.

कारण आठवीच्या बीजगणितात बसते. उतरत्या क्रमातले अंक a, b, c धरले तर वजाबाकी होते

(100a + 10b + c) − (100c + 10b + a) = 99(a − c)

मधला अंक b गळून गेला. अंक सारखे नसल्यामुळे a − c ची किंमत १ ते ९ पैकीच असणार. म्हणजे पहिली वजाबाकी झाली की फक्त नऊ संख्या शक्य : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. या नऊ तपासल्या की सगळ्या तीन अंकी संख्या तपासून झाल्या. नऊशे संख्यांचे काम नवांवर आणणे, हे त्या दिवशी मुलांच्या हाती लागायला हवे. उत्तर ४९५ आहे, याला तुलनेने कमी महत्त्व.

‘प्रश्न बदला’मध्ये दोन अंकी संख्या घेतल्या तर एका संख्येवर थांबत नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरते. चार अंकी घेतल्या तर ६१७४. ही संख्या शोधणारे द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते, हे मुलांना त्या वेळी सांगावे. आधी सांगितले तर ती उत्तर आठवायला बसतात.

पुढच्या सत्रांत आकडेमोड कमी होत जाईल. एक प्रश्न असा : फळ्यावर १ ते १० लिहा, कोणत्याही दोन पुसून त्यांचा फरक लिहा. नऊ वेळा असे केल्यावर उरलेली एकटी संख्या सम येऊ शकेल का? (नाही. बेरीज ५५ विषम आहे आणि दोन संख्यांऐवजी त्यांचा फरक लिहिल्याने बेरजेची सम-विषमता बदलत नाही.) ऑगस्टमध्ये मोजणीचे प्रश्न, सहामाहीनंतर घडीकाम आणि काड्यांवरची भूमिती, डिसेंबरमध्ये विभाज्यता असा साधारण क्रम राहील. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनाला मंडळातली मुले सातवीच्या वर्गांत जाऊन एकेक प्रश्न घेतील.

काय बिघडू शकते

सुरुवातीलाच अवघड प्रश्न दिला तर तिसऱ्या शनिवारी निम्मी मुले दिसणार नाहीत. म्हणून पहिल्या चार सत्रांत असेच प्रश्न, ज्यांत प्रत्येकाला पाच मिनिटांत काहीतरी करून पाहता येते. शिक्षकाने घाईने दिलेली सूचना हा दुसरा धोका. गट अडला तर आधी ‘लहान संख्या घेऊन बघितलं का?’ आणि ‘काय माहीत आहे ते लिहिलंय का?’ एवढेच विचारायचे. गृहपाठ द्यायचा नाही, कारण घरी तो मोबाइलवर शोधला जातो किंवा शिकवणीत सोडवून घेतला जातो.

तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे. दिवाळीनंतर पोर्शन मागे पडला की कोणताही मोकळा तास त्यासाठी वापरला जातो. हा वेळ कोणत्याही विषयाच्या राहिलेल्या भागासाठी घेतला जाऊ नये, असे आपणच एकदा स्टाफ मीटिंगमध्ये सांगावे.

एनएमएमएस किंवा ऑलिंपियाडची तयारी म्हणून हे मंडळ पालकांपुढे मांडू नये, असे मला वाटते. ऑलिंपियाडच्या पहिल्या टप्प्याची आयओक्यूएम परीक्षा आठवीपासून देता येते. तीन तासांत तीस प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर पूर्णांक. मंडळातल्या कुणाला पुढच्या वर्षी बसावेसे वाटले तर जरूर मदत करू. पण पहिल्याच वर्षी परीक्षेचे नाव घेतले की पालक निकाल विचारणार आणि आम्ही मुलांकडून घोटून घेणार.

खर्च

शंभर पानी वह्या २४, प्रत्येकी रु. ३० प्रमाणे रु. ७२०. आलेख कागदाचे चार पॅड, रु. १६०. प्रत्येक सत्राला गटामागे एक झेरॉक्स, वीस सत्रांचे रु. २४०. कार्डशीट, काडेपेट्या, दोरा, फासे मिळून रु. २५०. एकूण रु. १,३७०. हा खर्च गणित विषयाच्या शैक्षणिक साहित्याच्या तरतुदीतून करता येईल. शिक्षकांना मानधन नको.

नोंद आणि आढावा

गुण दिले जाणार नाहीत. हजेरीपट ठेवला जाईल आणि वह्यांतली खाडाखोड तशीच राहील, खोडरबर वापरायचा नाही. पहिल्या आणि शेवटच्या सत्रात प्रत्येकाला सारख्याच काठिण्याचे दोन अनोळखी प्रश्न देऊन चार गोष्टी पाहू : सुरुवात केली का, लहान उदाहरणे घेतली का, आढळलेला नियम शब्दांत मांडला का, त्याचे कारण दिले का. ही तुलना आणि उपस्थिती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे देईन. डिसेंबरअखेर सरासरी उपस्थिती पंधराच्या खाली गेली, तर मंडळ पुढच्या वर्षी चालवण्याचा आग्रह मी धरणार नाही.

आपल्याकडून पुढील बाबी हव्या आहेत : १२ जुलैपासून सत्रांना लेखी परवानगी; शनिवारी १२.३० पर्यंत खोली क्र. ७ आणि एक सेवक. वरील खर्चास मंजुरी. आणि पालकांच्या संमतीपत्रावर आपली सही. मसुदा सोबत जोडला आहे. नववीच्या विज्ञान शिक्षिकांनी दर शनिवारी थांबण्याची तयारी दाखवली आहे, त्यामुळे मी रजेवर असलो तरी सत्र रद्द होणार नाही.

२८ जूनपर्यंत निर्णय कळल्यास ३० तारखेला वर्गांत सूचना फिरवून आठवडाभरात नावे घेता येतील.

आपला विश्वासू,

(सही)
गणित विषय शिक्षक, इ. ८ वी ते १० वी

सोबत :
१. पालक संमतीपत्राचा मसुदा
२. पहिल्या चार सत्रांचे प्रश्न, उत्तरांसह