पारोळ्याच्या अलीकडे

मुकटी मागे पडलं आणि धुकं अंगावर आलं. आधी रस्त्याकडेची निंबाची झाडं गेली, मग दुभाजक गेला, शेवटी माझ्याच मोटारसायकलचं पुढचं चाक दिसेना. हेल्मेटची काच आतून श्वासाने आणि बाहेरून दवाने भरत होती. मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहायची. डाव्या कडेचा पांढरा पट्टा तेवढा धरून, एक पाय जमिनीला घासत मी पुढे सरकत होतो.

रात्रीचा एक वाजून गेला होता. नाशिकहून दुपारीच निघायला हवं होतं. पिशवी दोनदा भरली, दोनदा रिकामी केली, आणि अंधार पडल्यावर गाडीला किक मारली.

"थांबी जा भाऊ! पुढे काहीच दखात नही!"

आवाज डावीकडून आला. एका बंद ढाब्याच्या अंगणात ट्रक उभा होता, रस्त्यापासून चांगला तीस-चाळीस पावलं आत. ट्रकचे सगळे दिवे बंद. टायरापाशी छोट्या गॅस शेगडीची निळी ज्योत तेवढी दिसत होती. तिच्यापुढे घोंगडी पांघरून एक माणूस उकिडवा बसला होता. पंचावन्नच्या पुढचा असावा, डोक्याला मफलर गुंडाळलेला.

मी गाडी आत घेतली. "दादा, दिवे का बंद केलेत? मागच्या गाड्यांना कळायला नको?"

तो अहिराणी सोडून माझ्या भाषेत आला. माझं बोलणं ऐकूनच आला असणार, आणि मला ते कुठेतरी लागलं. "इथं आत लाल दिवे चालू ठेवले, तर मागचा समजतो गाडी चालतीय, रस्ता इकडंच आहे. तो सरळ येऊन बसतो आपल्या पाठीवर. धुक्यात थांबायचं तर डांबर सोडून पार आत थांबायचं आणि अंधार करायचा. चालायचं तर मग सगळे दिवे लावून, छोट्या लाइटवर." मग त्याने शेजारची वीट माझ्याकडे सरकवली. "बठा. चहा नही, काफी शे. चाली ना?"

आमच्या खान्देशात, हायवेच्या कडेला, मध्यरात्री कॉफी! मी वाकून पाहिलं तर शेगडीजवळ स्टीलचा फिल्टर होता, एकावर एक बसवलेली दोन भांडी. वरच्या भांड्याच्या तळाला सुईने पाडावीत तशी बारीक भोकं असतात. त्यात पूड घालून चकतीने हलकीच दाबायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून बसायचं. खाली थेंब थेंब अर्क उतरतो.

"लासलगावहून बेंगळुरूला कांदा नेत होतो, अकरा वर्षं," तो म्हणाला. "क्लिनर हासनकडचा पोरगा होता. चहाला तोंड लावायचा नाही. काम सोडून गावाला गेला तेव्हा हे भांडं मला देऊन गेला. आता क्लिनर ठेवणं परवडत नाही. भांडं आहे."

आता तो शहाद्याहून केळी घेऊन नागपूरला निघाला होता.

अर्क उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तो दोनदा उठला, ताडपत्रीच्या दोऱ्या चाचपून आला. मला वाटलं चोरीची भीती असेल. तिसऱ्यांदा मी बरोबर गेलो.

"थंडीची भीती आहे, भाऊ. केळीला 13 डिग्रीच्या खाली सोसत नाही. साल काळी पडते, मग ती पिवळी होतच नाही धड. म्हणून वाळलेला पाला दाबून भरलाय चहूकडून." त्याने एका कोपऱ्याची गाठ सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला. "दखा. आंग गरम शे अजून."

मीही हात घातला. आधी कुरकुरीत पाला लागला, मग घड. आत ऊब होती, ओलसर आणि जिवंत. गोठ्यात पहाटे बैलाच्या पोटाला हात लावल्यावर लागते ना, अगदी तशी.

मी हात पटकन बाहेर काढला.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या वाटणीचं वावर विकायला काढलं होतं. नाशिकच्या फ्लॅटला पैसे कमी पडत होते. बाहेरच्या माणसाला जायला नको म्हणून भाऊनेच ते घेतलं. कर्ज काढलं तरी पुरेना, तेव्हा त्याने बैलजोडी विकली. मला सांगितलं नाही. मला कळलं ते वहिनीकडून, तेही पैसे खात्यात आल्यानंतर. मग मी फोन केला नाही आणि त्यानेही केला नाही. उद्या त्याच्या मुलीची हळद होती. आवतण तिनेच दिलं होतं, फोनवर, घाईघाईत: "काका, तुम्ही या. बाबा काही म्हणत नाहीत."

काही म्हणत नाहीत म्हणजे काय, हेच मी आठ दिवस उलटून-पालटून पाहत होतो.

फिल्टरला नखाने टिचकी मारून त्याने खालचं भांडं उघडलं. काळा, दाट अर्क. धुळ्यात घेतलेल्या पिशवीचं दूध तापत होतं, त्यात गुळाचा खडा पडला. एक स्टीलचा पेला मला मिळाला. स्वतः तो डब्याच्या झाकणातून प्यायला. कॉफी कडू होती, मागून गूळ येत होता, आणि बोटं हळूहळू माझी होत होती. पलीकडच्या शेतात पाण्याची मोटर सुरू झाली. रात्रपाळीची लाइट आली असावी. गव्हाला बारे देणारं कुणीतरी धुक्यात खोकलं.

"कोठे जाई ऱ्हायनात?"

"पारोळ्याच्या पुढे. जिनच्या भिंतीनंतरचा फाटा. पुतणीची हळद आहे."

"मग इतका उशीर?"

मी पेल्यात पाहत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं नाही. भांडी विसळली, फिल्टर फडक्यात गुंडाळून सीटमागे ठेवला आणि म्हणाला, "धुकं पहाटेशिवाय उठणार नाही. माल मात्र थांबत नाही. तुम्ही मन्हा मांगे या. लाल दिवा सोडू नका, पण जवळही येऊ नका."

रिकाम्या रस्त्यावर तो ट्रक पन्नासनेही गेला असता. तो वीसने चालला, मोटारसायकलवरच्या माणसाला झेपेल तेवढ्याच वेगाने. ती केळी दर मिनिटाला थंड होत होती, हे मला आता माहीत होतं. पुलावर त्याने दोनदा ब्रेकचा दिवा दाखवला. खड्डा आला की दिवे थोडे उजवीकडे सरकायचे, मीही सरकायचो. पारोळा केव्हा गेलं ते दिसलं नाही, नुसती कुत्री भुंकलेली ऐकली.

मग डावीकडचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. ट्रकला डावीकडे वळायचं नव्हतं. जिनची भिंत संपली होती.

मी फाट्यावर उतरलो. त्याने एकदाच हॉर्न वाजवला. लाल दिवे थोडा वेळ दिसले, आणि मग इंजिनाचा आवाजही धुक्यात गेला.

हातमोजा काढला तर बोटांना पाल्याचा वास. फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि तसाच उभा राहिलो. तेवढ्यात तो हातातच थरथरला. काचेवर 'भाऊ'.

"कोठे शेस तू?" आवाज घोगरा होता. जागाच होता तो.

"फाटावर शे," मी म्हणालो. चार वर्षांत ही भाषा माझ्या तोंडात आली नव्हती. "ई ऱ्हायनू, भाऊ."

"तठेच थांब. बॅटरी लई येस."